भाषण पाठ न करता मुरवायचं कसं : मगे, कित्याक आणि मिटलेला कागद

"माका ह्या पाठ होवचा नाय रे," असं म्हणत काकांनी चार कागद माझ्या पुढ्यात टाकले. हे काका वेंगुर्ल्याच्या बाजूला किनाऱ्यावर कासवांची घरटी राखतात. आमच्याकडे अशा माणसाला कासवमित्र म्हणतात. एका महाविद्यालयात त्यांना दहा मिनिटं बोलायला बोलावलं होतं आणि पुतणीनं त्यांना अकराशे शब्दांचं भाषण लिहून दिलं होतं. भाषण चांगलं होतं. पाच दिवस घोकून काकांना पहिले दोन परिच्छेद अगदी स्वल्पविरामासकट येत होते. तिसऱ्या परिच्छेदात मात्र दर वेळी एकाच शब्दापाशी गाडी थांबायची, आणि थांबली की पुन्हा 'आदरणीय व्यासपीठ'पासून सुरुवात.

कार्यक्रमाला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत आम्ही जे केलं तेच इथे क्रमानं लिहितो. मी हौशी नाटकवाला. एकांकिका बसवतो, शाळांतल्या मुलांची भाषणं बसवून देतो. यातली बरीचशी युक्ती मात्र माझी नाही, ती जत्रेत रात्र रात्र बसून पाहिलेल्या दशावताराची आहे.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. रंगपटात नट आपापली रंगरंगोटी करत असतात आणि तिथेच त्यांना रात्रीचं आख्यान सांगितलं जातं. कोणता प्रवेश कशानंतर, कोण कुणाला भेटतो, काय बिनसतं आणि कोण काय ठरवून बाहेर पडतो, एवढंच. शब्द नट रंगमंचावर स्वतः घडवतो. तरीही आख्यान पहाटेपर्यंत न चुकता शेवटाला जातं, कारण प्रत्येकाला आपण आत कशासाठी आलो आणि काय घडल्यावर बाहेर जायचं हे पक्कं माहीत असतं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. दशावतार त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलेला.

आधी कागद तोंडात बसेल असा करून घ्या

तालमीच्या आधी एक काम असतं आणि ते टाळलं तर पुढचं सगळं जड जातं. लिहिलेलं भाषण एकदा मोठ्यानं, उभं राहून, हातात पेन्सिल घेऊन वाचायचं. जिथे श्वास तुटतो तिथे आडवी रेघ आणि जिथे जीभ अडखळते तिथे फुली. वाचायला किती वेळ लागला तोही लिहून ठेवायचा. काकांना अकराशे शब्दांना साडेदहा मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला साधारण शंभर-एकशेपाच शब्द. तुमचा वेग वेगळा असेल, स्वतःचा मोजा.

पुतणीच्या कागदावर एक वाक्य असं होतं: 'विणीच्या हंगामात मादी कासवे रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर येऊन वाळूमध्ये खड्डा करून त्यामध्ये अंडी घालून तो खड्डा बुजवून समुद्रात परत जातात.' डोळ्यांनी वाचायला यात काही वावगं नाही. पण तोंडानं बोलताना असं वाक्य कोणी बोलत नाही, म्हणून ते लक्षातही राहत नाही. काका फुली मारून मला म्हणाले, "ती वर इली. मागच्या पायान खड्डो काढल्यान. अंडी घातल्यान. वाळू ओढल्यान आनी गेली." मी तेच उतरवून घेतलं. काकांना प्रमाण मराठीत बोलायचं होतं, त्यामुळे पुढे ते 'मादी वर येते, मागच्या पायांनी खड्डा काढते' असं झालं. चार वाक्यं मात्र चारच राहिली, ती पुन्हा एका दोरीत ओवली नाहीत.

तुकडे पाडा आणि सांधे तपासा

आता भाषणाचे तुकडे पाडायचे. दहा मिनिटांच्या भाषणाला सहा-सात तुकडे पुरतात. परिच्छेद बदलला की तुकडा बदलला असं नव्हे. ऐकणाऱ्याच्या मनातला प्रश्न बदलतो तिथे तुकडा बदलतो. काकांच्या भाषणाचे सहा तुकडे पडले. पहिला, कासवीण पहिल्यांदा पाहिली ती रात्र. दुसरा, त्या काळी घरट्यातली अंडी काढून नेली जायची ती गोष्ट. तिसरा, घरटं शोधून अंडी कुंपणात कशी हलवतात. चौथा, पुढच्या पन्नासेक दिवसांत वाळूखाली काय चालतं. पाचवा, पिल्लं बाहेर येतात ती सकाळ. सहावा, किनाऱ्यावर येणाऱ्यांनी काय करू नये.

तुकडे पाडणं सोपं आहे. खरं काम सांध्यांचं. बोलणारा अडकतो तो बहुतेक वेळा तुकड्याच्या पोटात नाही. एक तुकडा संपतो आणि दुसरा सुरू व्हायचा असतो तिथे अडकतो. त्यासाठी मी एक साधी परीक्षा लावतो. तुकडा संपला की समोर बसलेल्या म्हाताऱ्या मालवणी बाईनं काय विचारलं असतं? ती दोनपैकी एक शब्द बोलेल: 'मगे?' किंवा 'कित्याक?' म्हणजे 'मग पुढे काय झालं?' किंवा 'असं का?' पुढचा तुकडा या प्रश्नाचं उत्तर असेल तर सांधा पक्का. नसेल, तर तिथे लेखकानं 'तसेच', 'याशिवाय', 'त्याचप्रमाणे' अशी पाटी लावून दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत असं समजा. पाठांतर तिथेच तुटतं, कारण आधीच्या वाक्यात पुढच्याची काही खूण नसते.

काकांचा पहिल्या-दुसऱ्यातला सांधा 'मगे'चा होता: ती अंडी घालून गेली. मगे? मग पहाटे कोणीतरी ती काढून नेली. दुसऱ्या-तिसऱ्यातलाही 'मगे'चा. पण तिसऱ्या तुकड्यात शेवटी लिहिलं होतं, 'तसेच सागरी कासवांना कायद्याने संरक्षण आहे', आणि काका रोज अडकायचे ते नेमकं इथेच. अंडी हलवण्याच्या गोष्टीतून कायद्याकडे जायला वाटच नव्हती. आम्ही ते वाक्य उचलून दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी ठेवलं. अंडी नेली जायची, ती नेणं हा गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, अनुसूची १. मगे? पण कायदा रात्री किनाऱ्यावर जागत नाही, माणूस जागतो. तिथून तिसरा तुकडा. पाच दिवसांचं अडकणं एका वाक्याची जागा बदलून गेलं.

चौथ्याचं दार 'कित्याक'नं उघडलं. तिसऱ्यात काका सांगतात की अंडी काढताना ती फिरवायची नाहीत, होती तशीच उचलायची आणि काही तासांच्या आत नव्या खड्ड्यात ठेवायची. कित्याक? कारण आत गर्भ कवचाला धरायला लागलेला असतो. अंडं फिरलं तर तो मरू शकतो. आणि वाळूखाली काय चालतं त्याची गोष्ट इथून आपोआप सुरू होते.

प्रत्येक सांध्यापाशी कागदावर 'म' किंवा 'कि' एवढं एक अक्षर लिहा. दोन्ही बसत नसेल तर आधी लेखन दुरुस्त करा. तालमीनं तो सांधा धरणार नाही.

वाच, मीट, सांग, ताड

ही मुख्य तालीम. एका वेळी एकच तुकडा घ्यायचा.

तुकडा फार तर दोनदा वाचायचा. मग कागद उलटा ठेवायचा आणि मिनिटभर दुसरं काहीतरी करायचं. तांब्याभर पाणी आणा, दारातली चप्पल सरळ करा. हा मिनिट वाया जात नाही. नुकतंच वाचलेल्या वाक्यांचा कानात जो घुमारा असतो तो या वेळात विरतो, आणि मागे जे उरतं तेच खरं डोक्यात गेलेलं असतं. मग उभं राहून, मोठ्यानं, फोनवर रेकॉर्डिंग लावून तो तुकडा स्वतःच्या शब्दांत सांगायचा. मध्ये थांबायचं नाही, मागे जायचं नाही, कागदाकडे पाहायचं नाही. चुकलं तर चुकू द्यायचं, पण शेवटापर्यंत जायचं. मग कागद उघडून रेकॉर्डिंग ऐकत ताडायचं.

ताडताना बहुतेक लोक शब्द तपासतात, आणि तिथून पुन्हा पाठांतर सुरू होतं. शब्द तपासायचे नाहीत. समासात तीनच खुणा करायच्या. सुटलेल्या गोष्टीला शून्य, चुकीच्या सांगितलेल्या गोष्टीला फुली आणि कागदावर नसलेलं पण तोंडातून आलेलं असेल तर अधिक.

काकांच्या चौथ्या तुकड्याची पहिली फेरी माझ्याकडे अजून आहे. कागदावर होतं ते असं: अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, वाळू जास्त उबदार असेल तर जास्त माद्या निपजतात, गार असेल तर जास्त नर, म्हणून कुंपणातला खड्डाही मूळ घरट्याच्या खोलीचा, साधारण दीड फूट आणि तळाशी रुंद असा घेतात. काका म्हणाले: "आता वाट बघायची. पन्नास दिवस, कधी जास्त. रोज सकाळी जाऊन बघायचं, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरलं नाही ना. आतमध्ये नर होणार की मादी ते वाळूच्या उष्णतेवर. गरम असली की नर." इथे ते थांबले, माझ्याकडे बघितलं, मी काहीच बोललो नाही. "मग एके दिवशी वाळू मध्ये खाली बसते. समजायचं, पिल्लं हलली."

खुणा केल्या. खड्ड्याच्या खोलीला शून्य. नर-मादी उलटं झालं त्याला फुली. कुत्री-कोल्ही आणि वाळू खाली बसणं, या दोन्हींना अधिक.

आता निवाडा कसा करायचा? फुलीला माफी नाही. तेवढीच गोष्ट सुधारायची आणि त्याला एखादा आधार द्यायचा. काकांनीच आधार शोधला: 'ऊन बाय'. गरम वाळू, बाय. एवढं पुरलं. शून्य असेल तर विचारायचं, हे सुटल्यानं पुढचं काही अडतं का? खोली सुटल्यानं काही अडत नव्हतं, आणि तिसऱ्या तुकड्यात खड्डा काढण्याचा उल्लेख होताच. आम्ही ते कागदावरूनच काढून टाकलं. तीन फेऱ्यांत तीनदा जी गोष्ट सुटते ती बऱ्याचदा भाषणाला नको असते. आणि अधिकची खूण म्हणजे सोनं. वाळू मध्ये खाली बसते हे पुतणीला माहीत नव्हतं, पुस्तकातही तिला ते सापडलं नसेल; ते रोज सकाळी जाऊन बघणाऱ्यालाच दिसतं. ते संहितेत गेलं आणि पाचव्या तुकड्याचा सांधाही त्यानं आपोआप जोडला.

अशा तीन फेऱ्या एका तुकड्याला पुरतात. चौथीला वाक्यं ठरून जायला लागतात. दिवसाला दोन तुकडे, त्याहून जास्त नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सुरुवात कालच्या तुकड्यांनी, आणि तीही कागद न बघता. हा क्रम उलटा करायचा मोह होतो: 'आधी एकदा नजर टाकतो, मग सांगतो.' नको. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून कागद मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा मिटून आठवणारे पुढे गेले. म्हणून घोकणाऱ्याला रात्री झोपताना 'आलं, आलं' असं वाटतं, आणि चार दिवसांनी व्यासपीठावर घाम फुटतो.

नाटकवाल्यांना ही पद्धत नवी नाही. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की आपल्या शेवटच्या काही वर्षांत, म्हणजे १९३८ पूर्वी, नटांना संवाद पाठ करून येऊ देत नसत. प्रवेश वाचायचा, त्यात कोणाला काय हवं आहे ते शोधायचं, संहिता बाजूला ठेवून आपल्या शब्दांत प्रवेश करायचा आणि मग संहितेकडे परत जाऊन काय निसटलं ते बघायचं. त्यांची शिष्या मारिया क्नेबेल यांनी ही रीत पुढे शिकवली. फरक एवढाच की नटाला शेवटी लेखकाच्या शब्दांवर यावंच लागतं. भाषण करणाऱ्यानं यायची गरज नसते, थोडे अपवाद सोडून. ते अपवाद आता.

कीर्तनकाराच्या खुंट्या

नारदीय कीर्तनात बुवा निरूपण आपल्या बोलीत, समोरचे श्रोते बघून करतात. एकच आख्यान गावागणिक लांबतं किंवा आखूड होतं. पण अभंग, ओवी, आर्या, साकी ही पद्यं जशीच्या तशी येतात. तिथे एक अक्षर हलत नाही. पद्य ही खुंटी, आणि निरूपण त्या खुंट्यांवर ताणलेली दोरी.

भाषणातही अशा काही खुंट्या शब्दशः पाठ असाव्यात. पहिली दोन वाक्यं, शेवटचं एक वाक्य, आकडे, नावं, कायद्याचा किंवा कोणाच्या बोलण्याचा दाखला. दहा मिनिटांना पाच-सहा पुरे. दहा झाल्या की तुम्ही परत घोकायला लागलात. काकांच्या खुंट्या पाचच होत्या. सुरुवातीचं वाक्य त्यांनी 'आदरणीय व्यासपीठ' टाकून असं केलं: "मी पहिल्यांदा कासवीण पाहिली तेव्हा मला ती दगड वाटली होती." मग कायद्याचं नाव आणि साल. मग '४५ ते ६० दिवस'. मग 'ऊन बाय', जे प्रमाण मराठीत 'उबदार वाळूत माद्या जास्त' असं झालं. आणि शेवटचं वाक्य: "रात्री किनाऱ्यावर आलात तर दिवा घरी ठेवून या." खुंट्या वेगळ्या कागदावर लिहून त्याच तेवढ्या सकाळी दात घासताना म्हणायच्या. त्या तुकड्यांबरोबर घोकायच्या नाहीत, नाहीतर आजूबाजूची वाक्यंही त्यांना चिकटून घट्ट होतात.

माणसं बदला, लांबी बदला

तुकडे एकेकटे यायला लागले की अख्खं भाषण सांगायचं, पण दर वेळी वेगळ्या माणसाला. काकांनी पहिल्यांदा ते काकींना मालवणीत सांगितलं. काकी मासे साफ करत होत्या आणि तिसऱ्या तुकड्यात त्यांनी मान वर केली: "अंडी फिरवची नाय म्हणजे कशी?" काकांनी हातात खरोखर अंडं असल्यासारखी ओंजळ केली आणि ती तशीच सरळ बाजूला नेली. ही ओंजळ कुठल्याही कागदावर नव्हती. पुढे प्रत्येक वेळी ती आली, आणि ती आली की वाक्य आठवायची गरजच उरली नाही. मग शेजारच्या आठ वर्षांच्या मुलाला सांगितलं, मग मला, प्रमाण मराठीत. भाषा आणि श्रोता बदलला की शब्द बदलावेच लागतात. मजकूर एका ठराविक वाक्यरचनेला चिकटून बसू शकत नाही.

दुसरी तालीम लांबीची. तेच भाषण तीन मिनिटांत सांगा. मग एका मिनिटात. एका मिनिटात जे उरतं तो तुमच्या भाषणाचा कणा. काकांच्या एका मिनिटात पहिला, तिसरा आणि सहावा तुकडा उरला. म्हणजे कार्यक्रम उशिरा सुरू झाला आणि आयोजकांनी 'थोडक्यात आटपा' अशी चिठ्ठी धाडली तर दुसरा आणि चौथा गाळायचा, हे घरीच ठरलं. व्यासपीठावर ते ठरवता येत नाही.

मधूनच सुरू करा

सहा चिठ्ठ्यांवर तुकड्यांची नावं लिहून टोपीत टाका आणि एक उचला. जो येईल तिथून शेवटापर्यंत बोला. पाठांतराची साखळी एका दिशेनंच चालते, म्हणून घोकलेल्या माणसाला चौथ्यापासून सुरू करताच येत नाही. मनातल्या मनात पहिल्यापासून धावत यावं लागतं. तुकडे मुरलेल्या माणसाला क्षणभर विचार करावा लागतो, पण तो सुरू होतो.

याच तालमीत कोणालातरी मुद्दाम व्यत्यय आणायला सांगा. मी काकांना वाक्याच्या मध्येच विचारायचो, "काका, चहा घेणार?" हो-नाही म्हणून ते पुढे कुठून सुरू करतात हे बघायचं. अर्ध्या राहिलेल्या गोष्टीपासून पुढे गेले, तर ठीक. वाक्याच्या पहिल्या शब्दावर परतले, तर तो तुकडा शब्दांवर उभा आहे असं समजायचं. दोन दिवस त्याला हात लावायचा नाही आणि मग एकदम वेगळ्या श्रोत्याला सांगायचा. काकांचा पहिला तुकडा असाच निघाला. पाच दिवसांच्या घोकणीचा तो चट्टा होता आणि शेवटपर्यंत पूर्ण गेला नाही. आधी पाठ केलेलं सैल करणं हे कोरं शिकण्यापेक्षा अवघड असतं, म्हणून शक्य असेल तर घोकायच्या आधीच या वाटेला लागा.

हातातलं कार्ड

व्यासपीठावर पूर्ण कागद नेऊ नका. कागद समोर असला की डोळा वाक्य शोधत बसतो आणि आपण आहोत कुठे तेच सापडत नाही. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, सहा ओळी, प्रत्येक ओळीत दोन-तीन शब्द. शब्द निवडताना 'संवर्धन', 'महत्त्व', 'समस्या' असली पोकळ नामं नकोत. बघितल्याबरोबर डोळ्यांपुढे काही दिसेल असे हवेत. काकांच्या कार्डावर होतं: दगड. रिकामा खड्डा, १९७२. ओंजळ. वाळू बसली, ४५-६०, ऊन बाय. टोपली. दिवा घरी. दोन ओळींच्या मध्ये सांध्याचं 'म' किंवा 'कि'. दुसऱ्या कोणाला हे कार्ड वाचून काही कळणार नाही, आणि कळायलाही नको.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडते ती लांबी. शब्द मोकळे सोडले की अधिकच्या खुणा वाढत जातात. सातव्या दिवशी काकांचं भाषण चौदा मिनिटांवर गेलं होतं आणि त्यांना ते दहाचंच वाटत होतं. प्रत्येक तुकड्याची वेळ वेगळी मोजली तेव्हा दिसलं की दुसरा तुकडाच चार मिनिटांचा झालाय; त्यात गावातल्या जुन्या भानगडी येऊ लागल्या होत्या. उपाय म्हणून शब्द मोजत बसलो नाही. त्या तुकड्यातून बाहेर कशानं पडायचं ते पक्कं केलं: 'रिकामा खड्डा' सांगून झाला की कायदा, आणि कायदा आला की बाहेर. दशावतारातही नटाची एक्झिट ठरलेली असते ती उगाच नाही.

दुसरा बिघाड उलटा आहे. खूप वेळा सांगितल्यावर भाषण आपोआप ठरून जातं. तीच वाक्यं, तोच हेल, विनोदाआधी तोच थांबा. दोन दिवसांची रेकॉर्डिंग एकामागोमाग ऐकली की लगेच कळतं. म्हणून शेवटच्या दोन दिवसांत अख्खं भाषण दिवसातून एकदाच, आणि कार्यक्रमाच्या दिवशी फक्त खुंट्या आणि एक मिनिटाची आवृत्ती.

ही पद्धत कुठे लावू नये तेही सांगतो. शपथ, ठराव, एखाद्या संस्थेचं अधिकृत निवेदन, कविता, आणि ज्या वाक्यावर दुसऱ्या नटाची एंट्री किंवा प्रकाशयोजना अवलंबून आहे असा संवाद, इथे शब्द शब्दालाच हवा. तिथे सरळ वाचा किंवा सरळ पाठ करा. तसंच ज्या विषयाची तुम्हाला मुळात माहितीच नाही तिथे 'स्वतःच्या शब्दांत' सांगायला स्वतःचे शब्द येणार कुठून? दुसऱ्यानं लिहिलेलं अनोळखी विषयावरचं भाषण असेल, तर दहातले निदान तीन दिवस विषय समजून घेण्यात जातात हे धरून चाला.

त्या दिवशी

सभागृहात काका साडेअकरा मिनिटं बोलले. पहिला तुकडा थोडा पाठ केल्यासारखा गेला, ओंजळ आल्यावर मोकळे झाले. चौथ्यात एकदा ध्वनिक्षेपक बंद पडला. ते थांबले, चालू झाल्यावर "तर वाळू बसली," म्हणून पुढे निघाले. 'ऊन बाय' मात्र साफ राहून गेलं, कार्डावर असूनही. प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतल्या मुलीनं विचारलं, "नर-मादी आधी कळतं का?" आणि ते तिथे आलं, सरळ क्रमानं.

पुढच्या मार्चमध्ये किनाऱ्यावर सहलीच्या मुलांपुढे तेच भाषण करायची वेळ आली. त्या सकाळी टोपलीखाली पिल्लं होती आणि मुलांचं दुसरीकडे लक्षच नव्हतं. काकांनी पाचव्या तुकड्यापासून सुरुवात केली, पिल्लं पाण्यात जाईपर्यंत तोच पुरवला, आणि लाटेनं शेवटचं पिल्लू उचललं तेव्हा एका मुलानं विचारलं, "ती आली कुठून?" मग काका वाळूत बसले आणि म्हणाले, "मी पहिल्यांदा कासवीण पाहिली तेव्हा मला ती दगड वाटली होती."